कपाशीवर तुडतुडे : औषधाचा फोटो बघून पंपात माप टाकू नका

कपाशीची पानं कडेनं पिवळी-लालसर होऊन खाली मुडपली, की मोबाईलवर औषधांचे फोटो फिरू लागतात. "हेच मारा, आमच्याकडे रिझल्ट आला." खाली मापही असतं, "अर्धी बाटली एकरी". गेल्या हंगामात ओळखीच्या एका शेतकऱ्यानं असाच फोटो दुकानात दाखवला. फोटोत बाटली होती, दुकानदारानं तेच औषध म्हणून पुडी दिली. दुकानदार खोटं बोलला नव्हता. दोन्हीत इमिडाक्लोप्रिड हेच कीटकनाशक होतं. चूक झाली ती मापात.

आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड बऱ्याच रूपांत मिळतं. १७.८ टक्के एसएल आणि ३०.५ टक्के एससी ही द्रवरूप, ७० टक्के डब्ल्यूजी म्हणजे पाण्यात मिसळणारे दाणे आणि ४८ टक्के एफएस हे बियाण्याला लावायचं. एकरी २०० लिटर पाणी धरलं, तर कपाशीला एसएल ५० मिली लागतं, एससी ३० मिली आणि दाणे फक्त १४ ग्रॅम. तिन्हींतून शेतात पडणारं मूळ औषध साधारण १० ग्रॅमच असतं. त्या शेतकऱ्यानं फोटोखालचं अर्ध्या बाटलीचं, म्हणजे ५० चं माप धरून एकरात ५० ग्रॅम दाणे ओतले. म्हणजे १० च्या जागी ३५ ग्रॅम गेलं. पैसे गेलेच, शिवाय फुलावर येणाऱ्या मधमाश्यांना हे औषध घातक आहे, आणि त्याच्या अतिवापरानं लाल कोळी वाढतो.

आता टक्क्यांचा घोळ बघा. परदेशातल्या फोटोत बाटलीवर "२०० एसएल" दिसतं आणि आपल्या बाटलीवर १७.८. आपलं पातळ आहे असं वाटतं, पण ते एकच आहे. तिकडे लिटरमागे किती ग्रॅम ते लिहितात, आपल्याकडे वजनाच्या टक्क्यांत. एक लिटर औषधाचं वजन १ किलो १०० ग्रॅमच्या थोडं वर भरतं, त्यातले २०० ग्रॅम म्हणजे १७.८ टक्के. तसंच ३५० एससी म्हणजे आपलं ३०.५, आणि ६०० एफएस म्हणजे ४८.

नावावरही जाऊ नका. "अ‍ॅडमायर" या नावानं आपल्याकडे ७० टक्क्यांचे दाणे मिळतात, तर अमेरिकेत "अ‍ॅडमायर प्रो" हे द्रवरूप आहे. तिकडच्या पत्रकातलं माप इथं लावलं तर काय होईल, सांगायला नको. उलटंही घडतं. ३०.५ टक्के एससी आपल्याकडे घराच्या वाळवीसाठी वेगळ्या नावानं मिळतं. वाळवीचं माप लिटरमागे २.१ मिली, तर कपाशीचं सुमारे ०.१५ मिली. टक्का तोच, पण वाळवीच्या डब्याचा फोटो बघून पंप भरला तर चौदा पट औषध जाईल.

हे असं का, तर औषधाची नोंदणी त्या त्या देशात होते, आणि कुठल्या पिकावर, किडीवर, किती मापानं हे त्या नोंदणीत ठरतं. युरोपीय संघानं २०१८ पासून इमिडाक्लोप्रिडचा उघड्या शेतातला वापर बंद केला. तिथल्या जुन्या बाटलीचा फोटो अजून इंटरनेटवर फिरतो, त्यावर पिकाचं नाव दिसतं म्हणून ते आजही तिथं चालतं असं नाही.

आणखी एक फसवणूक आपली आपणच करून घेतो. पहिल्या औषधानं तुडतुडे हटले नाहीत म्हणून दुसऱ्या कंपनीचा, वेगळ्या रंगाचा डबा आणतो, आणि आत पुन्हा इमिडाक्लोप्रिडच निघतं. थायामेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रिड हेही त्याच गटातले. आपल्या बीटी बियाण्याला बहुतेक वेळा याच गटातलं औषध लावलेलं येतं, म्हणजे पेरणीपासूनच तुडतुड्यांना त्याची सवय. दुसरी फवारणी करायचीच असेल तर गट बदला, उदाहरणार्थ फ्लोनिकामिड. आणि त्याआधी पानं उलटी करून बघा, पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे दिसत नसतील तर पंप उचलायची घाई नको.

डब्यावरचा चौकोनी शिक्का, त्यातला लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग, हा विषारीपणा सांगतो. तो औषधाची ओळख नाही आणि ताकदही नाही.

फोटो पाठवायचाच असेल तर समोरची बाजू पुरत नाही. टक्का आणि पुढची एसएल, एससी, डब्ल्यूजी ही अक्षरं बारीक असतात, तीच नेमकी बोटाखाली जातात. मागची बाजू, बॅच नंबर, तारीख आणि डब्यातल्या घडीच्या पत्रकाचं कपाशीचं पान, हे जवळून घ्या. पत्रक ओलं होऊन चिकटण्याआधी काढा. पंप भरताना नेमकं तेच आधी भिजतं.