मालकी जाहीर करून मागितली, ताबा मागायचा राहिला : मालमत्तेच्या दाव्यातल्या या चुका टाळा

डिक्लेरेशन म्हणजे मालकीचा जाहीरनामा आणि निरंतर ताकीद म्हणजे कायमची मनाई मागणारे अनेक दावे मालकीवर नाही, तर प्रार्थनेवर, म्हणजे कोर्टाकडे काय मागितलं यावर, हरतात. कागद पक्के असतात, पण दावा दाखल केला त्या दिवशी जागा कोणाच्या ताब्यात होती याचा विचार वादपत्रात झालेला नसतो.

उदाहरण घेऊ. मुलुंडमध्ये १२० चौरस मीटरचा वडिलोपार्जित प्लॉट आहे. मागच्या ९० मीटरवर मालकाचं घर आहे. पुढच्या ३० मीटरवर शेजाऱ्याने २०१९ मध्ये पत्र्याची शेड टाकली, कुलूप लावलं आणि आता तो जागाही आपलीच म्हणतो. २०२३ मध्ये मालक दावा लावतो: संपूर्ण प्लॉटची मालकी जाहीर करावी आणि प्रतिवादीने वहिवाटीला अडथळा करू नये. वादपत्रात लिहिलेलं असतं, ‘वादी संपूर्ण मिळकतीच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे.’

उलटतपासात एकच प्रश्न पुरतो: शेडची चावी कोणाकडे आहे?

ताकीद असलेला ताबा राखते, गेलेला परत आणत नाही. त्यामुळे ३० मीटरपुरती ताकीद मिळत नाही. दुसरा फटका अधिक मोठा आहे. स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ३४ च्या परंतुकानुसार, जाहीरनाम्यापलीकडची दाद मागणं शक्य असूनही वादीने ती मागितली नाही, तर कोर्ट नुसता जाहीरनामा देत नाही. म्हणजे कागद खरे असूनही त्या ३० मीटरची मालकीसुद्धा जाहीर होत नाही.

दावा कसा मांडायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या अनाथुला सुधाकर निकालात सांगितलं आहे. मालकीवर वाद नाही आणि ताबा आपल्याकडे आहे, तर नुसती ताकीद पुरते. मालकीवर गंभीर वाद आहे पण ताबा आहे, तर डिक्लेरेशन आणि ताकीद. मालकीवर वाद आहे आणि ताबाही नाही, तर डिक्लेरेशन आणि ताबा. मोकळी जागा असेल, तर ताबा मालकाचा आहे असं सहसा धरलं जातं. कुंपण किंवा शेड उभी राहिली की त्या गृहीतावर विसंबू नका.

म्हणून आपल्या उदाहरणात जागेचे दोन तुकडे पाडावेत. ९० मीटरसाठी डिक्लेरेशन आणि ताकीद. ३० मीटरसाठी डिक्लेरेशन, शेड काढून रिकामा ताबा, आणि ताबा मिळेपर्यंतची नुकसानभरपाई. त्याआधी हद्द कायम मोजणी करून घ्या. वादपत्राला नकाशा जोडा, अतिक्रमित भाग अ-ब-क-ड असा दाखवा, चतुःसीमा आणि क्षेत्रफळ लिहा. भाग ओळखता आला नाही, तर हुकूमनामा मिळूनही बेलिफ जागेवर अडतो. नुसती मिळकत पत्रिका जोडून भागत नाही. तिच्यावरचं नाव म्हणजे मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे आणि आज आत कोण बसलंय हेही ती सांगत नाही.

ताबा वगळण्यामागे बऱ्याचदा कोर्ट फी वाचवण्याचा विचार असतो. महाराष्ट्रात मालकीच्या नुसत्या डिक्लेरेशनला ताब्याच्या दाव्यावर मूल्यानुसार लागणाऱ्या फीच्या एक चतुर्थांश फी लागते. ताब्याव्यतिरिक्त पुढची दाद जोडली की निम्मी, आणि ताबा जोडला की पूर्ण. ही बचत फार महाग पडते, कारण चूक अपिलात उघड होते तोवर मुदत धावत राहते. मालकीच्या आधारे ताबा मागायला प्रतिवादीचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून १२ वर्षं मिळतात. नुसत्या डिक्लेरेशनला दावा करण्याचा हक्क पहिल्यांदा उद्भवल्यापासून ३.

चूक लक्षात आली, तर वादपत्र दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर, योग्य काळजी घेऊनही आधी अर्ज का देता आला नाही, हे पटवून द्यावं लागतं. दावा चालू असताना ताबा गेला असेल, तर तारीख आणि प्रसंग लिहून ताब्याची प्रार्थना वाढवा. मनाई असताना तो घेतला असेल, तर आदेशभंगाचा अर्ज वेगळा. ताब्याबद्दल खरोखर शंका असेल, तर ‘वादी ताब्यात नाही असं ठरल्यास ताबा द्यावा’ ही पर्यायी प्रार्थना सुरुवातीलाच घाला.

मुंबईत आणखी दोन गोष्टी तपासा. आत बसलेला माणूस भाडेकरू किंवा परवानगीने राहणारा असेल, अगदी फुकट राहणारा नातेवाईकही, तर त्याच्याकडून ताबा मागण्याचा दावा लघुवाद न्यायालयात जातो. वादपत्रात ‘आम्ही त्याला राहायला दिलं होतं’ असं लिहून सिटी सिव्हिल कोर्टात ताबा मागितला की अधिकारक्षेत्राचा आक्षेप आलाच. दुसरं म्हणजे, बृहन्मुंबईतल्या मिळकतीला लिस पेंडन्सचं, म्हणजे दावा चालू असताना जागा घेणाऱ्यालाही निकाल बांधील राहण्याचं, संरक्षण आपोआप मिळत नाही. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदली नाही आणि शेजाऱ्याने मध्येच ती ३० मीटर जागा विकली, तर या संरक्षणाच्या जोरावर त्या खरेदीदाराला हुकूमनाम्याने बांधता येत नाही.