संश्लेषण सारणी भरूनही संदर्भांची यादीच उरते? या चुका टाळा

सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांवरील एखाद्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण, म्हणजे संबंधित साहित्याचा आढावा, उघडून पाहावे. बहुतेक परिच्छेद एका संशोधकाच्या नावाने सुरू होतात, ‘यांनी अमुक साली इतक्या कामगारांची पाहणी केली’ असे सांगतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. मार्गदर्शक ‘संश्लेषण सारणी करा’, म्हणजे सगळे अभ्यास एका तक्त्यात शेजारी मांडून त्यांची तुलना करा, असे सुचवतात, विद्यार्थी एक्सेलमध्ये ती करतोही, पण प्रकरण होते तसेच राहते.

दोष बहुधा स्तंभांच्या शीर्षकांत असतो. लेखक, वर्ष, नमुना, पद्धत, निष्कर्ष अशी शीर्षके दिली की प्रत्येक अभ्यासाचा सारांश आडव्या ओळीत बसतो, आणि जे आडवे भरले ते आडवेच वाचले जाते. संश्लेषण सारणीत ओळ अभ्यासाची असली, तरी स्तंभ आपल्या प्रश्नाचा असावा लागतो. यंत्रमागाच्या आवाजामुळे होणारा श्रवणदोष हा विषय असेल, तर ‘श्रवणदोष कशाला म्हटले’, ‘आवाज कुठे व किती वेळ मोजला’, ‘वयाचा परिणाम वेगळा काढला का’, ‘काम सोडून गेलेल्यांचे काय केले’ असे चार-पाच स्तंभ पुरेसे होतात. लेखक आणि वर्ष केवळ ओळखीपुरते डावीकडे ठेवावे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘निष्कर्ष’ या एकाच स्तंभात टक्केवाऱ्या भरत जाणे. समजा, ‘क’ अभ्यासात श्रवणदोषाचे प्रमाण कमी आले आणि ‘ख’ अभ्यासात बरेच जास्त. विद्यार्थी ‘संशोधकांत मतभेद आहेत’ असे लिहून मोकळा होतो. आता एकाच कामगाराची तपासणी डोळ्यांसमोर आणू. त्याच्या कानाचा उंबरठा, म्हणजे त्याला जेमतेम ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज, ५०० आणि १००० हर्ट्झला १५ डेसिबल, २००० हर्ट्झला २० आणि ४००० हर्ट्झला ५५ आहे, असे धरू. आवाजाने होणारी हानी सुरुवातीला ४००० हर्ट्झच्या आसपासच दिसते, म्हणून हा नमुना अगदी अपेक्षित आहे. ‘क’ने पहिल्या तीन वारंवारितांची सरासरी घेतली, तर ती सुमारे १६.७ येते, २५ डेसिबलच्या वर सरासरी गेली तरच दोष मानायचा या मर्यादेनुसार हा कामगार निर्दोष ठरतो. ‘ख’ने चारही घेतल्या, तर सरासरी २६.२५ येते आणि तोच माणूस दोषी कानाचा ठरतो. कान तोच आणि यंत्रही तेच, फक्त व्याख्या वेगळी. म्हणून व्याख्येचा स्तंभ टक्केवारीच्या आधी ठेवावा आणि सारणीची क्रमवारी वर्षानुसार न लावता त्या स्तंभानुसार लावावी. मग शेजारी आलेल्या ओळी खरोखर तुलना करण्याजोग्या असतात, आणि त्यानंतरही जो फरक उरेल त्याचाच शोध घ्यावा.

तो शोध इतर स्तंभांत घ्यायचा असतो. उदाहरणार्थ, जास्त वर्षे नोकरी झालेल्या कामगारांत दोष अपेक्षेपेक्षा कमी दिसला, तर ‘काम सोडून गेलेल्यांचे काय केले’ हा स्तंभ पाहावा. त्रास होणारे आधीच माग सोडून गेले असतील, तर पाहणीत केवळ टिकलेली माणसे उरतात. त्या रकान्यात काही नसेल, तर संबंधित निष्कर्ष जपूनच वापरावा.

रिकाम्या रकान्यांबाबत हयगय फार होते. रिकामा रकाना तीन गोष्टी सांगू शकतो: अभ्यासकाने तो प्रश्न विचारलाच नाही, विचारला पण फरक आढळला नाही, किंवा आपण अजून तो भाग वाचलेला नाही. या तिन्हींसाठी ‘विचारले नाही’, ‘फरक नाही’ आणि ‘पाहायचे’ असे वेगळे शब्द लिहावेत. ‘संशोधनातील पोकळी’ म्हणून पुढे मिरवले जाणारे बरेच दावे, माझ्या मते, तिसऱ्या प्रकारच्या रिकाम्या रकान्यांवर उभे असतात. पहिला प्रकार संपूर्ण स्तंभभर दिसला, तरच ‘आढावा घेतलेल्या अभ्यासांत हा प्रश्न आलेला नाही’ एवढे म्हणता येते.

रकान्यात मूळ लेखाचे वाक्य उतरवून ठेवू नये. आपल्या शब्दांत दहा-बारा शब्द आणि पृष्ठक्रमांक लिहावा. लिहायला बसल्यावर स्तंभ वरून खाली वाचावा आणि परिच्छेदाचे पहिले वाक्य संशोधकाच्या नावाशिवाय तयार होते का, ते पाहावे. वरील उदाहरणात ते असे होईल: ‘श्रवणदोषाचे प्रमाण ४००० हर्ट्झचा समावेश केला की नाही यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहते; तो वगळणाऱ्या अभ्यासात (क) ते कमी, तर धरणाऱ्या अभ्यासात (ख) जास्त दिसते.’ असे वाक्य जमत नसेल, तर तो स्तंभ दोन प्रश्न एकत्र धरून बसला आहे किंवा त्यात प्रश्नच नाही. तो फोडावा अथवा काढून टाकावा.

पाच-सहा लेख भरून झाल्यावर नवा स्तंभ सुचणे स्वाभाविक आहे. तो जोडला, की आधीचे लेख त्या एका प्रश्नासाठी पुन्हा उघडावे लागतात. हे टाळणाऱ्याच्या सारणीत वरच्या ओळी रिकाम्या आणि खालच्या भरलेल्या दिसतात, आणि परीक्षकाची नजर नेमकी तिथेच जाते.