नवा माणूस आला की सरासरी वय: पूर्ण बेरीज करू नका

भरती परीक्षेत हे गणित हमखास येतं आणि पोरं आधी सगळ्यांच्या वयाची बेरीज मांडत बसतात. तेवढी गरज नाही.

परवा यावलला मळ्यात भरीत पार्टी होती. आम्ही 11 जण, सरासरी वय 30. तुरकाठ्यांवर वांगी भाजत असतानाच 54 वर्षांचे मामा आले. आता सरासरी किती?

1. नव्याच्या वयातून जुनी सरासरी वजा करा: 54 − 30 = 24.
2. त्याला नव्या संख्येने भागा: 24 ÷ 12 = 2.
3. ते जुन्या सरासरीत मिळवा: 32. नवा माणूस सरासरीपेक्षा लहान असेल तर वजा करा.

भाचा 11 नेच भागत होता. मामाही आता पंगतीत आहेत ना, मग 12 च!

उलटंही जमतं. मामांऐवजी कुणी आल्याने सरासरी 1 ने घटली असती, तर त्याचं वय 30 − 12 = 18.

फक्त उलट काढताना सरासरी नेमकी हवी. अंदाजे धरलेल्या नव्या सरासरीतली अर्ध्या वर्षाची चूक 12 ने गुणली जाते आणि वय 6 वर्षांनी चुकतं.