रेड क्रॉसचं लाइफगार्ड प्रमाणपत्र: या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मार्च लागला की मुलांच्या उन्हाळी नोकरीचं बोलणं सुरू होतं. पूलवर लाइफगार्ड व्हायला अमेरिकन रेड क्रॉसचा कोर्स असतो आणि तो संपेपर्यंत मुलाला पंधरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ‘आमचा तर क्लबमध्ये पोहतो’ म्हणून आईबाप निर्धास्त असतात, पण अशीच मुलं विटेच्या चाचणीत गडबडतात.

पाण्यातूनच सुरुवात करून 20 यार्ड पोहायचं, 7 ते 10 फुटांवर बुडी मारून 10 पौंडांची वस्तू (बहुतेक ठिकाणी रबरी वीट) वर आणायची, उताणं पोहत परत यायचं आणि शिडी न धरता काठावर चढायचं. वेळ 1 मिनिट 40 सेकंद. गॉगल चालत नाही, आणि सराव मात्र सगळे गॉगल लावून करतात. मग तळाशी वीट धूसर दिसते, हात भलतीकडेच पडतो आणि दम संपतो. कान दुखायला लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हळू हवा ढकलायची सवयही आधीच लावा.

दुसरी चूक म्हणजे जाताना जीव खाऊन पोहणं. जायला 25 सेकंद, बुडीला 10, परतीला 50 आणि चढायला 10 धरले तरी 95 होतात. म्हणजे वेळ पुरतो, पण दम राखला तरच. परतताना वीट दोन्ही हातांनी छातीवर धरायची आणि तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. वेग कमी पडला की एक हात सोडून पाणी मारायचा मोह होतो, आणि तिथेच मुलं नापास होतात. म्हणून उताणं होऊन नुसत्या ब्रेस्टस्ट्रोकच्या किकवर 20 यार्ड जमतात का, ते आधी विटेशिवाय बघा. तिथेच अडत असेल तर दोष पायांचा आहे, बुडीचा नाही.

प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. तारीख बघायला मात्र सगळे विसरतात. समजा कोर्स 20 जून 2024 ला संपला, तर मुदत 20 जून 2026 ला संपते, म्हणजे ऐन हंगामात. पूल तर मेअखेरीस मेमोरियल डेलाच उघडतात. तेव्हा उजळणीचा छोटा कोर्स एप्रिलमध्येच उरका. मुदत संपून 30 दिवसांपर्यंत तो करता येतो, त्यानंतर अख्खा कोर्स पुन्हा. या 30 दिवसांची सवलत फक्त कोर्सला बसण्यापुरती आहे. ड्युटीवर उभं राहायला प्रमाणपत्र चालू असावंच लागतं. उजळणी आहे म्हणून सराव न करता जाऊ नका. सीपीआरची लय तर काही महिन्यांतच बिघडते.

पोहणं शिकवण्याचं ‘वॉटर सेफ्टी इन्स्ट्रक्टर’ प्रमाणपत्र निराळं आहे. ते हातात असलं म्हणून लाइफगार्डच्या खुर्चीवर बसता येत नाही. दोन्ही असली तरी वर्ग घेताघेता पाळत ठेवायची नसते. त्या वेळी खुर्चीवर दुसरा माणूस लागतो.