ऍक्सेस पॉइंट लावताना या चुका टाळा: उंची, भिंत आणि अँटेना

भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ऑफिस थाटलं होतं. तिथली तक्रार अशी की वायफायचा ऍक्सेस पॉइंट बरोब्बर डोक्यावर, तरी व्हिडिओ कॉल अडकतो. मी एका विंडोज लॅपटॉपवर कमांड चालवली:

```
netsh wlan show interfaces
```

यात `BSSID` म्हणजे लॅपटॉप नेमका कोणत्या ऍक्सेस पॉइंटला जोडलेला आहे, आणि `Signal` म्हणजे तिथून येणारा सिग्नल किती टक्के आहे, हे दिसतं. डोक्यावरच्या ऍक्सेस पॉइंटला सोडून तो लॅपटॉप हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या ऍक्सेस पॉइंटला धरून बसला होता.

दोष उंचीचा होता. ऍक्सेस पॉइंट छताच्या कैचीला, जमिनीपासून 7 मीटरवर ठोकले होते. उंच लावलं की सगळीकडे पोचेल, हा समज फार पक्का आहे, पण हिशेब करून बघा. टेबल पाऊण मीटर उंच धरलं, तर बरोब्बर खालचं टेबल सव्वासहा मीटर दूर पडतं आणि 8 मीटर बाजूचं टेबल साधारण 10 मीटर दूर. दोन्हींच्या सिग्नलमध्ये जेमतेम 4 डीबीचा फरक उरतो. मोबाईल-लॅपटॉपला कोणता ऍक्सेस पॉइंट जवळचा हे कळायला एवढा फरक पुरत नाही, म्हणून एकदा जोडलेला ते सोडत नाहीत. शिवाय वर कसलाच आडोसा नसल्याने ऍक्सेस पॉइंट एकमेकांनाही खणखणीत ऐकतात. दोघे एकाच चॅनेलवर असतील तर एक बोलताना दुसरा थांबतो, आणि स्पीड तिथेच जातो.

आम्ही पाईप सोडून ते 3 मीटरवर आणले. आता खालचं टेबल सव्वादोन मीटरवर आलं, म्हणजे हिशेबाने तिथला सिग्नल 9 डीबीने, जवळजवळ आठ पट वाढला. बाजूच्या टेबलाला मात्र दोन डीबीसुद्धा जास्त मिळाले नाहीत. खरा फायदा असा की जवळच्या आणि लांबच्या टेबलात आता 11 डीबीचा फरक पडला आणि लॅपटॉप आपापल्या डोक्यावरच्या ऍक्सेस पॉइंटवर यायला लागले. खाली क्रेन किंवा उंच रॅक असल्यामुळे पाईप सोडता येत नसेल, तर वरूनच खाली झोत टाकणारा दिशादर्शक अँटेना लावावा लागतो.

आमच्या आधी कुणीतरी यावर दुसराच उपाय करून ठेवला होता: ट्रान्समिट पॉवर पूर्ण वाढवलेली. याने मोबाईलवर दांड्या भरलेल्या दिसतात, पण मोबाईलचा स्वतःचा आवाज तेवढाच राहतो. त्याला वरचं ऐकू येतं, वरच्याला त्याचं नीट ऐकू येत नाही. कॉलवर समोरच्याचं स्पष्ट येतंय आणि आपलंच तुटतंय, असं असेल तर आधी ही पॉवर तपासा.

दुसरी चूक साध्या ऑफिसात दिसते. छतासाठी बनवलेला गोल, चपटा ऍक्सेस पॉइंट वायर जवळ पडते म्हणून भिंतीवर ठोकतात. त्याचे अँटेना आत असतात आणि तो छताला सपाट बसलाय असं धरूनच त्यांची रचना केलेली असते. भिंतीवर उभा केला की तो पसारा 90 अंशांनी कलतो. मग बराचसा सिग्नल वरच्या-खालच्या मजल्यावर जातो आणि बाजूच्या टेबलांना कमी मिळतो. वरच्या मजल्यावर, बरोब्बर त्याच जागी तुमचं नेटवर्क जोरदार दिसत असेल तर हेच झालंय. भिंतच वापरायची असेल तर भिंतीसाठीचं मॉडेल घ्या, किंवा काटकोनी ब्रॅकेट लावून तो आडवा करा.

बाहेरून दांड्या असलेल्या ऍक्सेस पॉइंटचं गणित सोपं आहे. साध्या दांडीचा सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो, दांडी भोकातून गेलेली. म्हणजे दांडीच्या टोकाकडे सर्वात कमी, आजूबाजूला सर्वात जास्त. एका मजल्यावर पसरवायचं असेल तर सगळ्या दांड्या सरळ उभ्या ठेवा, छताला असेल तर खाली लोंबत्या. पंख्याच्या पात्यांसारख्या चहूकडे फाकवलेल्या दांड्या बघितल्या की मी आधी त्या सरळ करतो, मगच लॅपटॉप उघडतो. आडवी दांडी ज्या दिशेला टोक करते, त्या बाजूच्या टेबलांना ती जवळजवळ काहीच देत नाही.

आणि कृपा करून फॉल्स सीलिंगच्या वर ऍक्सेस पॉइंट लपवू नका. दिसायला छान वाटतं, पण तिथे एसीचे पत्र्याचे डक्ट आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेलं इन्सुलेशन असतं. धातू सिग्नल परतवतो आणि डक्टच्या पलीकडची टेबलं सावलीत जातात. सीलिंगच्या पट्टीला अडकवायची क्लिप बहुतेक वेळा खोक्यातच मिळते. ऍक्सेस पॉइंट खालच्या बाजूला लावा आणि सावलीतल्या त्याच टेबलावर वरची कमांड पुन्हा चालवा. `Signal` 66 टक्क्यांच्या, म्हणजे साधारण उणे 67 डीबीएमच्या वर आला तर कॉल चालेल. तिथवर पोचत नसेल तर त्या कोपऱ्याला वेगळा ऍक्सेस पॉइंट लागणार.