दाताच्या दवाखान्यात पहिल्यांदा जाताना: भाचीच्या निमित्ताने केलेली तयारीची यादी

सगळ्यात आधी वेळ ठरवायची, आणि तीही दात दुखत नसताना. ठणकत्या दाताने मूल पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलं की दवाखाना आणि दुखणं यांची गाठ पक्की होते. शक्यतो सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी दमलेलं मूल लवकर रडकुंडीला येतं. फोनवरच सांगून ठेवा की पहिलीच खेप आहे आणि मूल घाबरतंय. दमा, ॲलर्जी, हृदयाचा काही त्रास किंवा चालू औषधं असतील तर तेही सांगा.

माझी भाची सात वर्षांची, दुसरीत. तिच्या मागच्या नव्या दाढांच्या खाचा काळपट दिसायला लागल्या होत्या. ताईला वाटलं, दुधाच्याच आहेत, पडतील. ही गफलत घरोघरी होते, कारण साधारण सहाव्या वर्षी येणारी ही दाढ कुठलाही दात न पडता दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. ती कायमची असते.

दुसरी तयारी बोलण्याची. मुलाला भीती नेमकी कशाची आहे, ते आधी विचारा. भाचीला वर्गातल्या एका मुलाने सांगितलं होतं, ‘हात धरून ठेवतात आणि दात उपटतात.’ यावर ‘अजिबात दुखणार नाही’ असं म्हणू नका. ज्याला दुखण्याची आठवणही नव्हती त्याला ती होते, आणि पुढे काही टोचलंच तर आपला शब्द खोटा पडतो. इंजेक्शन देतील का, असं तिने विचारल्यावर ताई म्हणाली, “आज डॉक्टर फक्त बघणार आहेत. पुढे काही करायचं ठरलंच, तर आधी तुला सांगतील.” एवढंच पुरेसं होतं. ‘शहाण्यासारखी वागलीस तर खेळणं’ हे आमिषही नको. मुलं हुशार असतात, बक्षीस आहे म्हणजे काहीतरी भयंकर असणार हे त्यांना बरोबर कळतं.

तिसरी तयारी घरच्या तालमीची, आणि माझ्या मते खरं काम हीच करते. मुलाला पलंगावर उताणं झोपवा, डोकं आपल्या मांडीवर घ्या. तोंड उघडं ठेवून नाकाने श्वास घ्यायला लावा. हे वाटतं तितकं सोपं नाही. घशाशी पाणी साचलं की मुलं घाबरतात, ती बहुतेक याच सवयीअभावी. मग चमच्याच्या दांड्याने एकेक दात मोजा. मध्येच डावा हात वर केला की मोजणं थांबलंच पाहिजे. डॉक्टर बहुधा उजव्या बाजूला बसतात, म्हणून डावा. उजवा उचलला तर त्यांच्या हातातल्या हत्याराला धक्का लागू शकतो. हाच इशारा डॉक्टरांनाही सांगून ठेवायचा.

त्या दिवशी पोटभर नको, पण उपाशीही नको. दीड-दोन तास आधी हलकं खाऊ द्या. नाक चोंदलेलं असेल तर सरळ तारीख पुढे ढकला. आत एकच मोठं माणूस जावं आणि त्याने गप्प बसावं. ताईने तीनदा ‘घाबरू नकोस’ म्हटल्यावर डॉक्टरांनीच तिला हसून थांबवलं.

डॉक्टरांनी प्रत्येक वस्तू आधी सांगितली, मग दाखवली, मगच तोंडात घातली. हवेची फुंकर भाचीच्या तळहातावर मारून घेतली, आरसा तिच्या हातात दिला. मग मोजणं सुरू झालं. चौथ्या दाताला तिचा डावा हात वर. डॉक्टर थांबल्या. काय झालं, विचारल्यावर म्हणाली, “काही नाही.” सातव्याला पुन्हा हात, पुन्हा थांबल्या. ती नुसती परीक्षा घेत होती, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. त्यानंतर हात वर आला नाही. बावीस दात आणि पुढची दोन खिंडारं मोजून झाली तेव्हा तिच्या मुठी सैल पडलेल्या होत्या.

दाढा किडल्या नव्हत्या, पण खाचा खोल होत्या. त्या बुजवायला, म्हणजे सीलंट लावायला, पुढची खेप ठरली. यात सहसा इंजेक्शन लागत नाही आणि दात कोरावाही लागत नाही. दाढ साफ करून तिच्यावर काही सेकंद जेल लावतात, धुऊन कोरडी करतात, मग पातळ सीलंट खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. जेलची चव आंबट-कडवट लागते, हे मुलाला आधीच सांगा. मधल्या वेळात दाढेला थुंकी लागली तर सीलंट नीट धरत नाही, म्हणून गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवतात. तेव्हा तालमीत आता नुसतं मोजणं नको, जीभ न हलवता तोंड उघडं ठेवण्याचा सराव करा. मूल तेवढं टिकत नसेल तर जबरदस्तीने उरकण्यापेक्षा आणखी काही दिवस थांबलेलं बरं.

घरी आल्यावर चावताना दाढ किंचित उंच लागू शकते. दोन-तीन दिवसांत ते जाणवेनासं झालं नाही, तर दाखवून घासून घ्या. आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत सीलंट शाबूत आहे का ते विचारा, कारण त्याचा तुकडा निघाला तरी मुलाला पत्ता लागत नाही.