नवा राउटर, जुने स्मार्ट प्लग: जोडताना या चुका टाळा

धाकट्या भावाने राउटर बदलला. फोन, लॅपटॉप, टीव्ही लगेच जोडले गेले. पण चार वर्षं बिनतक्रार चाललेले तीन स्मार्ट प्लग आणि एक बल्ब काही केल्या आत यायला तयार नव्हते. ॲप दर वेळी एकच सांगायचं: पासवर्ड तपासा. त्याने पासवर्ड पुन्हापुन्हा टाकला, नंतर बदलून सोपा केला आणि शेवटी सगळी उपकरणं रीसेट केली.

पहिली चूक हीच, ॲपच्या त्या वाक्यावर विश्वास ठेवण्याची. प्लग ठरावीक वेळेत जोडला गेला नाही, की कारण काहीही असो, बरीच ॲप्स हाच संदेश दाखवतात. भावाच्या घरी पासवर्ड तपासण्यापर्यंत गोष्ट पोहोचलीच नव्हती. अडथळे दोन होते आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे होते. ते एकच समजले, की माणूस एका दुखण्यावर दुसऱ्याचं औषध देत बसतो.

पहिला अडथळा सुरक्षेचा. नव्या राउटरवर WPA3-Personal, म्हणजे वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत, एवढाच पर्याय चालू होता. राउटर आपलं नाव हवेत सतत जाहीर करत असतो आणि त्याबरोबर कोणत्या पद्धतीने ओळख पटवायची तेही सांगतो. आधीच्या WPA2 मध्ये त्या पद्धतीचं नाव PSK, WPA3 मध्ये SAE. जुन्या प्लगच्या फर्मवेअरला फक्त PSK कळतं. यादीत ते दिसलं नाही, की तो मागे फिरतो. पासवर्ड बरोबर असला तरी विचारणारच कोणी नाही. शिवाय WPA3 मध्ये PMF, म्हणजे जोडणी-तोडणीच्या नियंत्रण संदेशांचं संरक्षण, सक्तीचं असतं आणि अनेक जुन्या उपकरणांना तेही जमत नाही. WPA3 जाहीर झालं २०१८ मध्ये, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं स्वस्त गॅजेट्स जुन्याच चिपवर बनत राहिली. म्हणून खोक्यावरचं उत्पादनाचं वर्ष पाहून निष्कर्ष काढू नका.

दुसरा अडथळा एकत्र नावाचा. पूर्वी वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांची वेगळी नावं असायची. आता दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असतं आणि कोणतं उपकरण कुठे बसवायचं ते राउटर पाहतो. एवढ्याने प्लगचं काही बिघडत नाही, तो २.४ वरच नाव शोधतो. अडचण येते ती फक्त पहिल्यांदा जोडताना. प्लगचा दिवा जलद लुकलुकतो त्या जोडणीच्या पद्धतीत बहुतेक वेळा फोन नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड माहितीच्या पाकिटांच्या लांबीत दडवून हवेत सोडतो आणि प्लग ते ऐकून उलगडतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर २.४ वर कान लावून बसलेल्या प्लगला काहीच ऐकू येत नाही. एकदा जोडणी झाली, की फोन कुठल्याही पट्ट्यावर असला तरी चालतं. त्यामुळे प्लगसाठी ५ गिगाहर्ट्झ कायमचं बंद करून ठेवणं ही दुसरी चूक. राउटरवर फक्त WPA3 असेल, तर तसं करून फरकही पडत नाही.

कोणता अडथळा आहे हे ओळखायला आम्ही राउटरला हातही लावला नाही. एका अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झ आणि WPA2-Personal वर ठेवला, दुसरा फोन त्याला जोडला आणि त्यातून प्लग जोडून पाहिला. मिनिटाभरात जोडला गेला, म्हणजे प्लग शाबूत. मग बाकी काहीही न बदलता हॉटस्पॉटची सुरक्षा WPA3 केली आणि प्लग रीसेट करून पुन्हा जोडायला घेतला. या वेळी अपयश. एका वेळी एकच गोष्ट बदलल्यामुळे शंकेला जागा राहिली नाही. आयफोनच्या हॉटस्पॉटवर या चाचणीचा पहिला भाग करायचा तर आधी Maximize Compatibility चालू करा, म्हणजे तो २.४ वर येतो.

त्यानंतर राउटरवर WPA2/WPA3 हा मिश्र पर्याय निवडला. तरीही प्लग आले नाहीत, कारण भावाचा फोन ५ गिगाहर्ट्झवरच होता. म्हणजे दुसरा अडथळा आता उघड झाला. बहुतेक माणसं इथे येऊन थकतात आणि 'सुरक्षा बदलूनही उपयोग नाही' म्हणून पहिली दुरुस्ती उलटी फिरवतात. असं करू नका. आम्ही प्लगचं बटण पुन्हा दाबून धरलं आणि दिवा सावकाश लुकलुकू लागल्यावर सोडलं. या पद्धतीत प्लग स्वतःचं छोटं नेटवर्क उभं करतो, फोन थेट त्याला जोडला जातो आणि नाव-पासवर्ड हातोहात देतो. मग फोन आधी कोणत्या पट्ट्यावर होता हा प्रश्नच उरत नाही. तिन्ही प्लग असे जोडले गेले.

बल्ब मात्र आला नाही. काही जुनी उपकरणं मिश्र पर्यायात दोन पद्धतींची यादी पाहूनच गोंधळतात. काही राउटरांवर WPA2 निवडूनही PMF हे Required वर राहतं, तेव्हाही असंच होतं. ते Optional किंवा Capable करून पाहावं. आमच्याकडे ते आधीच Optional होतं. म्हणून राउटरवर गॅजेट्ससाठी वेगळं नेटवर्क काढलं: फक्त २.४ गिगाहर्ट्झ, WPA2-PSK आणि AES एन्क्रिप्शन. त्याला नाव आणि पासवर्ड दिले जुन्या राउटरचेच, अक्षर न् अक्षर तसेच, लहान-मोठ्या लिपीसकट. बल्ब रीसेट झालेला असल्याने तो नव्याने जोडावा लागला. पण कपाटात पडून राहिलेला, रीसेट न केलेला चौथा प्लग सॉकेटमध्ये लावताच आपोआप जोडला गेला. तेव्हा भावाला कळलं की सुरुवातीची रीसेटची सगळी मेहनत अनाठायी होती. उपकरणाला नाव आणि पासवर्ड आठवत असतात, ते पुसू नका.

नंतर तिन्ही प्लगही त्याच वेगळ्या नेटवर्कवर हलवले आणि मुख्य नेटवर्क पुन्हा WPA3 वर नेलं. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. चार गॅजेट्ससाठी सगळ्या घराची सुरक्षा खाली आणायची गरज नसते. आणि WPA2 च्याही खाली कधी उतरू नका: WEP, TKIP या जुन्या, कमकुवत पद्धती किंवा बिनपासवर्डचं नेटवर्क 'तेवढं चालू होईपर्यंत' म्हणून ठेवलं, की ते तसंच राहून जातं.

वेगळं नेटवर्क म्हणून पाहुण्यांचं नेटवर्क वापरत असाल, तर तिथली उपकरणं मुख्य नेटवर्कपासून तोडलेली असतात का ते पाहा. इंटरनेटमार्फत चालणारे प्लग तिथेही चालतात, पण घरातल्या घरात थेट बोलणारे प्लग ॲपला सापडत नाहीत.

६ गिगाहर्ट्झचा पट्टाही त्याच एका नावाखाली असलेल्या राउटरांवर कधीकधी WPA2 चा पर्यायच दिसत नाही, कारण त्या पट्ट्यावर WPA2 ला परवानगी नाही. तिथेही आधी वेगळं २.४ चं नेटवर्क काढता येतं का ते पाहा. तेही नसेल, तर जुना राउटर फेकू नका. त्यावर Access Point मोड चालू करा, म्हणजे तो फक्त वाय-फाय पुरवेल. तो मोड नसेल तर DHCP, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचं त्याचं काम, बंद करून, त्याचा पत्ता नव्या राउटरशी भिडणार नाही असा ठेवून, नव्या राउटरची केबल त्याच्या LAN पोर्टमध्ये लावा. जुनं नाव, जुना पासवर्ड तसाच असू द्या. गॅजेट्सना राउटर बदलल्याचं कळणारही नाही.